लिफ्टचं कोडं आणि कोठ्यातला दिवा

एक माणूस दहाव्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी लिफ्टनं तळमजल्यावर उतरतो आणि कामाला जातो. संध्याकाळी परतताना मात्र सातव्या मजल्यापर्यंतच लिफ्टनं जातो आणि पुढचे तीन मजले जिन्यानं चढतो. पाऊस असेल किंवा लिफ्टमध्ये कोणी सोबत असेल, तर मात्र थेट दहाव्यापर्यंत लिफ्टनंच जातो. असं का?

कोडं जुनं आहे आणि जगभर फिरलेलं आहे. उत्तर असं की माणूस ठेंगणा आहे. त्याचा हात सातच्या बटणापर्यंतच पोचतो. पावसात छत्री जवळ असते, तिच्या टोकानं तो दहाचं बटण दाबतो. सोबत कोणी असेल तर त्याला दाबायला सांगतो. ऐकणारा अडतो, कारण ‘माणूस’ म्हटल्याबरोबर त्यानं मनात साधारण उंचीचा माणूस उभा केलेला असतो. गोष्टीत उंचीचा शब्दही नसतो. ती उंची ऐकणाऱ्यानं पदरची घातलेली असते आणि तीच उत्तर अडवून धरते.

आता हेच कोडं यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी किंवा झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या वर्गाला घालून पाहा. पोरं विचार करतात, उत्तरंही देतात. सातव्या मजल्यावर त्याचा दोस्त राहत असेल. डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल. आठव्या मजल्यावर उधारी मागणारा राहत असेल, त्याला लिफ्टचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. या उत्तरांमध्ये कल्पना भरपूर आहे, पण कोड्याच्या उत्तराकडे जाणारी वाट त्यांतल्या एकाही उत्तरात नाही. याचं कारण साधं आहे. लिफ्टमधली बटणं एकावर एक चढत्या क्रमानं असतात, वरच्या मजल्याचं बटण उंचावर असतं, हे ज्या पोरानं कधी पाहिलेलंच नाही, त्याला माणसाची उंची आणि दहावा मजला यांचा संबंध लागणार कसा? त्याच्या मनात चुकीचं गृहीतक आहे म्हणून तो अडलेला नाही. ज्या माहितीवर ते गृहीतक उभं राहतं, ती माहितीच त्याच्याजवळ नाही.

तरीही शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत, तालुक्याच्या शिकवणीत, पोलीस भरतीच्या अभ्यासिकेत अशी कोडी ‘बुद्धी तपासायला’ घातली जातात. ज्याला उत्तर येत नाही, त्याच्याविषयी ‘याचं डोकं चालत नाही’ असं बोललं जातं. मला हे चूक वाटतं आणि अन्यायाचंही वाटतं. आडव्या विचाराचं कोडं हुशारीचं माप नाही. सोडवणाऱ्यानं नकळत काय धरून चाललंय, ते उघड करणारं साधन आहे. म्हणून असं कोडं ज्याला घालायचं, त्याच्याच गृहीतकावर ते बेतलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जगण्याच्या गृहीतकावर उभं राहिलेलं कोडं आमच्या पोरांना काहीच शिकवत नाही, फक्त खजील करतं.

‘आडवा विचार’ ही कल्पना १९६७ साली एडवर्ड डी बोनो यांनी मांडली. एकाच दिशेनं पायरी-पायरीनं पुढे जाण्याऐवजी, ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तीच तपासायची, असा तिचा रोख. आपल्याकडे कोडी काही कमी नव्हती. ‘सूपभर लाह्या, मधात रुपया’ म्हटलं की आजी आकाशाकडे बोट दाखवायची. पण त्या कोड्यांची रीत वेगळी आहे. तिथं वस्तू रूपकाच्या आड लपवलेली असते आणि लाह्या म्हणजे लाह्या नाहीत हे ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दापासून माहीत असतं. गोष्टीच्या कोड्यात प्रत्येक शब्द सरळ अर्थानं घ्यायचा असतो. सांगणारा काही लपवत नाही. लपवतो तो ऐकणारा, स्वतःपासूनच. म्हणून ही कोडी एकट्यानं डोकं खाजवून सोडवायची नसतात. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि सांगणाऱ्यानं ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘त्यानं फरक पडत नाही’ एवढीच उत्तरं द्यायची, असा हा खेळ आहे.

आता आमच्याकडचं एक कोडं घ्या. ते मी वर्गासाठी बांधलं आहे.

एक बुढा वावरातल्या कोठ्यात एकटा झोपला होता. दार आतून बंद होतं. कोठ्यात दुसरं कोणी नव्हतं. मध्यरात्री दिवा लागला. बुढा दचकला नाही. उठला, फावडं घेतलं आणि अंधारात वावरात निघून गेला. दिवा कोणी लावला?

शहरात वाढलेल्या पाहुण्यांना हे कोडं घातलं की ते भुताखेतापासून सेन्सरच्या दिव्यापर्यंत सगळीकडे फिरून येतात. गावातली पोरं दोन प्रश्नांच्या आत ओरडतात, “लाइन आली असन, सर!” उत्तर तेच आहे. कोठ्यातला दिवा शेतीपंपाच्या लाइनवर आहे. या लाइनला पाळीपाळीनं वीज मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. बुढ्यानं संध्याकाळी, वीज नसतानाच, दिव्याचं बटण दाबून ठेवलं आणि झोपला. लाइन आली की दिवा लागेल, डोळ्यांवर उजेड पडेल, जाग येईल आणि चन्याला ओलीत करायला जाता येईल, हा त्याचा हिशेब. दिवा त्यानंच लावला, फक्त काही तास आधी.

इथं अडवणारं गृहीतक कोणतं? बटण दाबणं आणि दिवा लागणं या दोन गोष्टी एकाच क्षणी होतात, हे. ज्याच्या घरी वीज चोवीस तास असते, त्याच्या आयुष्यात या दोन गोष्टी कधी वेगळ्या झालेल्याच नसतात, म्हणून त्या वेगळ्या असू शकतात हे त्याला सुचत नाही. आमच्या पोरांच्या आयुष्यात त्या रोज वेगळ्या होतात. त्यामुळे हे कोडं त्यांच्यासाठी कोडंच राहत नाही, साधी हकिकत होते. लिफ्टचं कोडं न सुटलेलं पोरगं ‘मठ्ठ’ ठरवायचं असेल, तर कोठ्यातल्या दिव्यापाशी अडलेल्या इंजिनिअरलाही तेच म्हणावं लागेल. आपण त्याला तसं म्हणत नाही, म्हणायलाही नको. दोघांच्या डोक्यात काही कमी नाही. दोघांनी पाहिलेलं वेगळं आहे.

मग पोरांना सोपं जाईल असं कोडं घालायचं का? नाही. जे पोरांना लगेच सुटतं, त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. हवं आहे ते असं कोडं, ज्याची सगळी माहिती त्यांच्याजवळ आहे आणि तरीही ती अडतात. असं कोडं सापडलं की समजावं, इथं आपल्या गावाचं एक पक्कं गृहीतक आहे. माझ्या अनुभवात त्यातलं सगळ्यात पक्कं या दोन ओळींत सापडतं:

एका शेतकऱ्याला दोन भाऊ आहेत. त्या दोघांपैकी कोणालाही विचारा, तो म्हणतो, “मला एकच भाऊ.” तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. हे कसं?

वर्गात हे कोडं फळ्यावर लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला. “सर, एक भाऊ मेला का?” नाही. “सावत्र आहे का?” नाही. “चुलतभाऊ धरले का?” नाही, सख्खेच. मग पोरं गावाकडे वळतात. “वाटण्या झाल्या का?” फरक पडत नाही. “वावराच्या धुऱ्यावरून भांडण झालं म्हणून भाऊ मानत नाही का?” नाही. “एक भाऊ लहानपणी दत्तक गेला का?” नाही. “भावाले माहीतच नाही का, का आपल्याले अजून एक भाऊ आहे?” नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे.

इथं मी थांबवतो आणि विचारलेले प्रश्न फळ्यावर एकाखाली एक लिहितो. पोरांना म्हणतो, उत्तर शोधू नका, हे प्रश्न कोणाविषयी आहेत तेवढं पाहा. सगळे प्रश्न भावांविषयी असतात. भाऊ मेला, भाऊ सावत्र, भाऊ भांडला, भाऊ दत्तक गेला. शेतकऱ्याविषयी एकही नाही. म्हणजे कोड्यातल्या तिघांपैकी दोघांवर संशय आहे आणि तिसऱ्याला सगळ्यांनी मोकळं सोडलंय. ज्याच्याविषयी प्रश्न विचारावासाही वाटत नाही, गृहीतक बहुधा त्याच्यापाशीच असतं. प्रश्न जिथं गर्दी करतात तिथं शंका असते, आणि गृहीतक म्हणजे शंकाच न येणं.

मग वहीचं पान दोन रकान्यांत पाडायचं. डावीकडे ‘गोष्टीत लिहिलेलं’, उजवीकडे ‘मी मनानं भरलेलं’. कोड्यातला एकेक शब्द घ्यायचा आणि तो वाचताना डोळ्यांपुढे काय आलं ते उजवीकडे लिहायचं. ‘शेतकरी’ या शब्दापुढे उजव्या रकान्यात काय येतं ते वाचण्यासारखं असतं. डोक्याला दुपट्टा, अंगात बंडी, सोबत बैल, हातात त्यांना हाकायची तुतारी. कोणी लिहितं, माझ्या बाबासारखा. या रकान्यातली एकेक गोष्ट खोडून पाहायची आणि दर वेळी विचारायचं, ही नसली तर कोडं सुटतं का? दुपट्टा नसला, काही बदलत नाही. बैल नसले, काही बदलत नाही. असं करता करता कोणीतरी, बहुतेक वेळा एखादी मुलगी, हळूच विचारते, “सर, शेतकरी माणूसच आहे का?”

नाही. शेतकरी बाई आहे. दोन भावांची बहीण.

हे उत्तर आलं की वर्गात जे होतं, त्यासाठी या कोड्यावर मी इतका जोर देतो. पोरांच्या आयांचं काम पोरांना माहीत नाही असं मुळीच नाही. निंदण त्याच करतात, कापूस त्याच वेचतात, तूर सोंगायलाही त्या असतात. पोरं सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत वावरात जातात. म्हणजे माहिती पुरेपूर आहे, लिफ्टच्या कोड्यासारखी तिची वानवा नाही. तरीही ‘शेतकरी’ म्हटलं की डोळ्यांपुढे बाप येतो, कारण सातबाऱ्यावर नाव बापाचं, सोसायटीच्या कर्जावर नाव बापाचं, सभेत ‘शेतकरी बांधवांनो’ म्हणून हाक मारली जाते तीही बापालाच. डोळ्यांनी रोज पाहिलेलं एका बाजूला आणि शब्दानं मनात आणलेलं दुसऱ्या बाजूला, आणि शब्द जिंकतो. ज्या भागात नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेती एकटीनं ओढणाऱ्या बाया गावोगावी आहेत, त्या भागातल्या पोरांनी हे गृहीतक स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात पाहणं मला फार मोलाचं वाटतं. त्यावर भाषण द्यायची गरज नाही. कोड्याच्या उजव्या रकान्यात ते आपोआप आलेलं असतं.

असं कोडं बांधायचं तर सांगणाऱ्यावर एक बंधन येतं. त्यानं खोटं बोलायचं नाही, अर्धवटही बोलायचं नाही. हे बंधन पाळणं मराठीत अवघड आहे, कारण आपलं क्रियापद बाई की पुरुष ते लगेच सांगून टाकतं. ‘शेतकरी म्हणाला’ असं लिहिलं की कोडं खोटं झालं. ‘शेतकरी म्हणाली’ लिहिलं की फुटलं. म्हणून वरच्या कोड्यात शेतकऱ्याच्या वाट्याला एकही क्रियापद येऊ दिलेलं नाही. ‘शेतकऱ्याला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात क्रियापद भावांचं आहे.

दुसरं एक जगप्रसिद्ध कोडं मराठीत येताना याच ठिकाणी बिघडतं. बाप आणि मुलगा गाडीवरून पडतात, बाप जागेवरच जातो, मुलाला ऑपरेशनसाठी नेतात आणि सर्जन म्हणतात, ‘मी ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.’ सर्जन मुलाची आई आहे, हे उत्तर. पण ‘सर्जन म्हणाले’ असं लिहिलं तर आदरार्थी का होईना, ते पुरुषाचं रूप आहे. बाईसाठी ‘म्हणाल्या’ यायला हवं. मग पोरं अडतात ती स्वतःच्या गृहीतकानं नाही, सांगणाऱ्यानं दिलेल्या चुकीच्या खुणेनं, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. ते वाटणं बरोबरच असतं. प्रामाणिक कोडं असं लिहिता येतं: ‘सर्जनचे शब्द होते, याचं ऑपरेशन माझ्या हातून होणार नाही, हा माझा मुलगा आहे.’ यात कुठंच खोटी खूण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅडम डॉक्टर पाहिलेल्या पोरांना हे कोडं आताशा लवकर सुटतं, ही गोष्ट मला चांगली वाटते. ते गृहीतक सैल झालंय एवढाच त्याचा अर्थ.

कोडं वाईट आहे हे ओळखायची दुसरी खूण म्हणजे दोन उत्तरं सारखीच चपखल बसणं. कोठ्यातल्या दिव्याचं कोडं मी सुरुवातीला फावड्याशिवाय सांगत असे. तेव्हा ‘कोल्हं आलं असेल, सेन्सरचा दिवा असेल, त्याला हाकलायला गेला’ हे उत्तरही बसायचं. बसणारं उत्तर चूक म्हणायचा अधिकार सांगणाऱ्याला नाही. म्हणून गोष्टीत फावडं आलं. फावडं घेऊन माणूस दांडातलं पाणी वळवायला जातो, कोल्हं हाकलायला नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या कोड्यांत ही काळजी घेतलेली क्वचितच दिसते. तिथं पुष्कळदा उत्तराला लागणारी गोष्ट मुद्दामच सांगितलेली नसते, किंवा उत्तर म्हणजे नुसता शब्दांचा चावटपणा असतो. असली कोडी वर्गात आणू नयेत. त्यांतून पोरं एवढंच शिकतात की मोठी माणसं फसवतात.

या सगळ्याला आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला पालकांचा: शिष्यवृत्तीच्या परीक्षेला याचा काय उपयोग? या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते, प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि वेळ मोजका असतो. खरं सांगायचं तर गोष्टीच्या कोड्याला तिथं जागाच नाही. शेतकऱ्याच्या कोड्याखाली चार पर्याय दिले आणि त्यांत ‘शेतकरी ही त्यांची बहीण आहे’ असं छापलं, की कोडं संपलं. गृहीतक पोरानं मोडायचं होतं, ते पेपर काढणाऱ्यानंच मोडून ठेवलं. म्हणून माझा आग्रह असा की ही कोडी गुणांच्या परीक्षेपासून लांबच ठेवावीत. शिकवणीवाल्यांनी ‘बुद्धिमत्ता’ या नावाखाली त्यांचे संच पाठ करून घेणं तर बंदच करावं. पाठ केलेल्या कोड्यात मोडायला गृहीतक उरत नाही, उत्तर तेवढं उरतं.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येईल आणि तो मला जास्त खरा वाटतो. गृहीतक काढून टाकलं म्हणजे उत्तर येतंच असं नाही. नऊ ठिपक्यांचं कोडं अनेकांना माहीत असेल: तीन ओळींत तीन-तीन ठिपके, पेन न उचलता चार सरळ रेषांनी सगळे जोडायचे. लोक अडतात, कारण ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर रेषा न्यायची नाही असं ते स्वतःच ठरवून टाकतात, असं सांगितलं जायचं. १९८१ मध्ये वाइसबर्ग आणि अल्बा या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना स्पष्ट सांगून पाहिलं की रेषा चौकोनाबाहेर नेता येते. तरीही बहुतेकांना कोडं सुटलं नाही. वाट मोकळी झाली तरी त्या वाटेनं चालण्याचं कसब वेगळं लागतं. म्हणून ‘चौकटीबाहेर विचार करा’ असं नुसतं सांगणं निरुपयोगी आहे. कोणती चौकट, ती कोणत्या शब्दात दडली आहे आणि ती काढल्यावर पुढे काय करायचं, हे दाखवावं लागतं. शेतकऱ्याच्या कोड्यात गृहीतक गेलं की उत्तर लगेच दिसतं, कारण पुढचं काम एका पायरीचं आहे. सगळी कोडी तशी नसतात.

याच्याच जोडीची एक मर्यादा वर्गात दिसते. कोड्यात गृहीतक शोधणारी पोरं गणिताच्या तासाला ते आपोआप शोधत नाहीत. कोडं हा एक खेळ आणि गणित हा दुसरा, असं त्यांच्या मनात पक्कं असतं. दोघांना जोडणारा पूल शिक्षकानं बांधावा लागतो, आणि तो त्याच दोन रकान्यांनी बांधता येतो. शाब्दिक उदाहरण घ्या. ‘१०० मीटर अंतरात दर १० मीटरवर एक झाड लावायचं आहे, तर झाडं किती?’ बहुतेक पोरं १०० ला १० नं भागतात आणि १० लिहितात. काही जण हुशारीनं ११ सांगतात, कारण सुरुवातीच्या टोकालाही झाड येतं. आता विचारा, तू काय भरलंस मनानं? अकरावाल्याच्या उजव्या रकान्यात सरळ धुरा निघतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना झाड निघतं. पण उदाहरणात धुरा कुठंच म्हटलेला नाही. हेच १०० मीटर शेततळ्याभोवतीचा घेर असतील, तर शेवटचं झाड आणि पहिलं झाड एकच होतं आणि उत्तर १० येतं. म्हणजे दहावाल्याचं उत्तर बरोबर असू शकतं आणि अकरावाल्याचंही. कोणाचं बरोबर, हे आकृती ठरवते, आणि आकृती उदाहरणानं दिलेलीच नाही. पोरांना हे एकदा नीट दिसलं की ती उदाहरण वाचताना विचारू लागतात, “सर, सरळ आहे का गोल?” हा प्रश्न विचारणारं पोरगं मला पाठ केलेलं उत्तर देणाऱ्यापेक्षा गणिताच्या जास्त जवळ वाटतं.

वेळेचा आक्षेपही येतो. शिक्षकांवर माहिती भरण्याचं, सर्वेक्षणांचं ओझं आहे, तास कमी पडतात, हे मी आतून पाहतो. पण पहिली ते आठवीसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे. त्यातला महिन्याकाठी एक तास अशा एका कोड्याला पुरेल. एका तासाला एकच कोडं. दहा कोडी घेतली की ती प्रश्नमंजूषा होते आणि पोरं उत्तरांच्या मागे धावतात. एका कोड्यावर तासभर गेला की प्रश्न फळ्यावर येतात, रकाने भरतात आणि शेवटच्या बाकावरची पोरंही एखादा प्रश्न विचारतात. चुकीच्या प्रश्नाला इथं शिक्षा नसते, ‘नाही’ एवढंच उत्तर असतं आणि त्या ‘नाही’नंही काहीतरी कळतं. जिथं चूक उत्तराला हसतात तिथं गप्प बसणारी पोरं या खेळात बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि कोडी बाहेरून मागवू नयेत, गावातच बांधावीत. बांधायची रीत फार अवघड नाही. गावातली एखादी खरी पण बाहेरच्याला विचित्र वाटेल अशी गोष्ट घ्यायची. ती का घडते ते एका वाक्यात लिहायचं. मग ते कारण सोडून बाकी सगळं खरं-खरं सांगायचं. अशानं बांधलेलं कोडं बाहेरच्याला अडवतं. गावच्याच पोरांना अडवायचं असेल तर उलटं करावं लागतं: ज्या शब्दापुढे सगळ्यांच्या उजव्या रकान्यात एकच चित्र येतं असा शब्द शोधायचा आणि त्या चित्रात न बसणारं पण गावात खरोखर असलेलं माणूस कोड्यात आणायचं. ‘शेतकरी’ हा तसा एक शब्द. ‘मजूर’, ‘सरपंच’, ‘पाटील’, ‘ड्रायव्हर’, ‘शिकलेला’ हेही तसेच. आठवीच्या पोरांना गटागटानं अशी कोडी बांधायला लावावं आणि दुसऱ्या गटावर तपासावं. दोन उत्तरं बसली तर कोडं परत जाईल. खोटी खूण सापडली तर परत जाईल. पाच-सहा प्रश्नांच्या आत सुटलं तर फार सोपं, अख्खा तास घेऊनही उत्तराच्या जवळ कोणी गेलं नाही तर बहुधा माहितीच पुरलेली नाही.

ही कोडी एकदा छापून वर्षानुवर्षं वापरायची नाहीत, हेही सांगायला हवं. शेतीसाठी सौर पंप आता गावोगावी येत आहेत. ज्या वावरात तो बसला, तिथं ओलीत उन्हात होतं, रात्री लाइनची वाट पाहावी लागत नाही. आणखी काही वर्षांनी सातवीत येणाऱ्या पोराला कोठ्यातला दिवा का लागला हे सांगता येणार नाही, जसं आजच्या पोराला लिफ्टचं सांगता येत नाही. तेव्हा ते कोडं वहीतून काढून टाकायचं आणि त्या वर्षीच्या वर्गाकडून नवं बांधून घ्यायचं.